‘संबंधितांनी कार्यवाही करावी’ : एका पाणी समितीच्या इतिवृत्ताचे प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातले एक गाव, वस्ती एकोणीसशेच्या आसपास. गावाचे आणि माणसांचे नाव इथे देत नाही, कारण या प्रकरणातले सगळे जण रोज एकमेकांच्या दारावरून जातात-येतात.

गावाला पाणी येते ते दोन किलोमीटरवरच्या पाझर तलावाखालच्या विहिरीतून. विहिरीत साडेसात एचपीची पाणबुडी मोटार आहे, गावात पन्नास हजार लिटरची टाकी आहे आणि टाकी भरून गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवणारा एक माणूस आहे. त्याला सगळे वॉलमनच म्हणतात. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा. त्या हिशेबाने ही टाकी दिवसातून दोनदा भरायला हवी. उन्हाळ्यात एकदा भरली तरी लोक समाधानी असतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, ते दिवस पाहिलेली ही माणसे. पाण्याबाबत हयगय करणारे गाव हे नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत १२ सदस्य, त्यात निम्म्या बाया. अध्यक्ष सरपंच, सचिव ग्रामसेवक, म्हणजे गावाच्या भाषेत भाऊसाहेब. त्यांच्याकडे आणखी एका गावाचा कारभार असल्यामुळे सभेचे इतिवृत्त बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी, आठवेल तसे लिहिले जायचे.

मी पंचायत समितीत ३१ वर्षे लिपिक होतो. निवृत्त होऊन गावात राहायला आलो, तेव्हा या समितीशी माझा काही संबंध नव्हता. एप्रिलमध्ये सरपंचांनी रजिस्टर माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, “अण्णा, ह्यात कुणाची चूक हाय, तेवढं बगून सांगा.”

अडचण

त्या रजिस्टरात ९ जानेवारीच्या सभेचे अर्धे पान होते. येळवशीचा सण होऊन आठवडा-दीड आठवडा झालेला, सभेला माणसे बऱ्यापैकी जमलेली. विषय क्रमांक ३ खाली लिहिले होते ते असे :

“पाणीपुरवठा विहिरीवरील मोटारीबाबत सविस्तर चर्चा झाली. जुनी मोटार भरून ठेवण्यात यावी व स्टार्टर दुरुस्त करण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले. संबंधितांनी तातडीने कार्यवाही करावी.” त्याखाली सूचक म्हणून एक नाव, अनुमोदक म्हणून दुसरे.

२७ मार्चला, पाडव्याच्या तीन दिवस आधी, मोटार जळाली. डीपीवरून येणारा एक फेज गेला होता. असे झाले की स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पडायला हवा आणि मोटार आपोआप बंद व्हायला हवी. पण तो रिले खराब झाल्याने कुणीतरी केव्हातरी तार जोडून डायरेक्ट करून ठेवलेला. उरलेल्या दोन फेजांवर मोटार घरघरत राहिली, करंट पावणेदोन पटीच्या घरात गेला आणि वाइंडिंग जळाले. जादा म्हणून ठेवायची जुनी मोटार ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, खताच्या रिकाम्या पोत्यांखाली, जशीच्या तशी पडून होती. मोटार बाहेर काढून, लातूरहून भरून आणून परत विहिरीत सोडेपर्यंत आठ दिवस गेले. तोवर एका शेतकऱ्याने स्वतःच्या बोअरचे पाणी दिले म्हणून भागले.

८ एप्रिलच्या सभेत भांडण जुंपणार हे ठरलेलेच होते. त्या दिवशी मी कोपऱ्यात बसून फक्त ऐकत होतो. अध्यक्षांचे म्हणणे, मोटार म्हणजे वॉलमनचे काम, त्यात सांगायचे काय. वॉलमन म्हणाला, “रजिस्टरात सूचक म्हून बापूचं नाव हाय. म्या म्हनलं, बापूच बगतेत.” बापू म्हणजे पिठाची गिरणी चालवणारे सदस्य. ते उसळले : मी फक्त विषय मांडला, नाव लावायला हवे म्हणून लावले. भाऊसाहेब म्हणाले, माझ्याकडे कुणी दरपत्रकच आणून दिले नाही, चेक कशाचा काढू?

गंमत अशी की यातले कुणीच खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाने ते वाक्य आपापल्या सोयीने नव्हे, आपापल्या समजुतीने वाचले होते आणि वाक्यात सगळ्या समजुतींना जागा होती. ‘ठेवण्यात यावी’ यात ठेवणारा नाही. ‘संबंधित’ म्हणजे कोण, हे वाक्य सांगत नाही. ही भाषा मी स्वतः तीस वर्षे लिहिली आहे. फायलीवर ‘उचित कार्यवाही व्हावी’ असे लिहिले की आपल्या टेबलावरून कागद हलतो, इतकी ती सोयीची. कार्यालयात त्यामुळे कागद फिरत राहतो, गावात मोटार जळते.

त्यातही सूचक-अनुमोदकाची भानगड मला नवीन होती. पानावर दोन नावे होती, म्हणून वाचणाऱ्याला वाटले की कामाला माणूस लागला आहे. नाव मुळीच नसते तर कदाचित कुणीतरी विचारले असते.

कोणते मार्ग पुढे होते

सभेत आणि सभेनंतर पारावर चार गोष्टी निघाल्या.

तरुण सदस्यांना मोबाइलवर सभा रेकॉर्ड करायची होती. कोण काय म्हणाले याचा वाद मिटतो, हे खरे. पण दीड तासाचे रेकॉर्डिंग परत ऐकणार कोण? शिवाय ९ जानेवारीला रेकॉर्डिंग असते तरी त्यात “करून टाकू”, “बगू की” हेच ऐकू आले असते, कारण नाव आणि तारीख सभेत उच्चारलीच गेली नव्हती. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला : लिहिण्यातली चूक निम्मी, बोलण्यातली निम्मी.

दुसरी सूचना, सगळी चर्चा सविस्तर लिहावी. याला मी विरोध केला. आठ पाने कुणी वाचत नाही आणि कोण कुणाला काय बोलले ते लिहिले की माणसे सभेत बोलायची बंद होतात.

तिसरी, कामे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकावीत. ग्रुपला शुभ सकाळच्या फुलांखाली काम किती वेळ दिसणार, हा प्रश्न एका ताईंनीच विचारला. पण आठवण म्हणून ग्रुप वापरायला हरकत नव्हती.

चौथा मार्ग, आहे त्याच रजिस्टरात लिहिण्याची रीत बदलायची. रजिस्टर पृष्ठांकित आणि बांधील असते, त्यात छापील तक्ता चिकटवून भागत नाही आणि लेखापरीक्षणाला तेच लागते. त्यामुळे जे करायचे ते हाताने, पट्टीने रेघ मारून, तिथेच. हा मार्ग ठरला. मी दोन सभा लेखनिक म्हणून बसायचे आणि नंतर भाऊसाहेब किंवा दुसरे कुणी सदस्य चालवतील, असेही ठरले.

काय केले

आधी जानेवारीचाच विषय मी सरावासाठी कच्च्या कागदावर नव्याने लिहून दाखवला. तो असा झाला :

विषय ३ : विहिरीवरची मोटार व स्टार्टर

निर्णय : जुनी मोटार भरून जादा म्हणून ठेवायची. खर्च १२,००० रुपयांपर्यंत, पाणीपट्टीच्या खात्यातून. स्टार्टरचा रिले बदलायचा. (सूचक, अनुमोदक.)

कामे :
१. नवा रिले आणून बसवणे : वॉलमन : शनिवार, ११ जानेवारी.
२. मोटार भरण्याची तीन दरपत्रके आणणे : बापू : गुरुवार, १६ जानेवारी.
३. दर ठरवून आगाऊ रकमेचा चेक देणे : भाऊसाहेब : सोमवार, २० जानेवारी.
४. मोटार भरून आणून चालवून पाहणे : वॉलमन : शुक्रवार, ३१ जानेवारी.

हे वाचून वॉलमन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “रिले तर म्या त्याच दिशी बसवला असता. त्याला ना दरपत्रक लागतं, ना चेक.” अगदी तेच. हजार-दीड हजाराचा रिले बसला असता तर २७ मार्चला स्टार्टर पडला असता आणि मोटार वाचली असती. पण मूळ वाक्यात मोठे काम आणि छोटे काम ‘व’ लावून एकत्र बांधलेले. मोठे काम पैशासाठी अडले आणि छोटेही त्याच्यासोबत अडकून पडले. तेव्हापासून एका ओळीत एकच काम, असा नियम केला. ओळीत ‘व’ आला की तिथे मोडायचे.

निर्णय आणि काम वेगळे का लिहायचे, तेही याच नमुन्यावरून सगळ्यांना समजले. निर्णय समितीचा असतो. तो एकदा झाला की झाला, त्याला तारीख लागत नाही, रक्कम आणि खाते लागते. काम एका माणसाचे असते, त्याला तारीख लागते आणि ते संपले की संपले. सूचक-अनुमोदक निर्णयाखालीच राहतात, कामाच्या ओळीत त्यांना जागा नाही. बापूंचे नाव वरही आहे आणि खालीही आहे, पण खाली ते सूचक म्हणून नव्हे, दरपत्रके आणणारा माणूस म्हणून आहे.

चौथ्या कामात ‘भरून आणणे’ एवढेच न लिहिता ‘चालवून पाहणे’ लिहिले, त्यालाही कारण आहे. भरून आणलेली मोटार पोत्याखाली गेली की काम झाले असे एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो ती चालते कशावरून? काम कुठे संपते, ते ओळीतच सांगितलेले बरे.

निर्णयाचे कठीण क्षण

खरी कसोटी मे महिन्याच्या सभेत लागली. पाण्याची तपासणी किट घेऊन करायची होती. जलजीवनमध्ये त्यासाठी गावातल्या पाच बायांना शिकवले जाते आणि त्यातल्या एक ताई समितीच्या सदस्यही होत्या. काम त्यांच्याकडे, हे सगळ्यांना मान्य. मी नाव लिहायला लागलो तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “त्यांच्या मालकाचं नाव लिवा, फोन त्यांच्याकडंच असतो.” ताई काही बोलल्या नाहीत. मालक सदस्य नव्हते, सभेत नव्हते आणि किटमधली बाटली कोणती तेही त्यांना माहीत नसणार. मी पेन खाली ठेवले आणि ताईंनाच विचारले, तुमचे नाव लिहू का? त्या म्हणाल्या, “लिवा की. म्याच करते तर म्याच सांगन.” तेव्हा ठरले की कामापुढे नाव येईल ते सभेत हजर असलेल्या, स्वतः तोंडाने ‘हो’ म्हटलेल्या माणसाचेच. मदतीला कुणीही असो, त्याचे नाव कंसात.

याच नियमाने दुसरी एक वाईट सवय सुटली. जो गैरहजर त्याच्या गळ्यात काम, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याला ते कळते पुढच्या सभेत आणि तोवर मुदत गेलेली असते. आता गैरहजर माणसाकडे काम द्यायचे असेल तर ओळ अशी लिहिली जाते : “अमुक यांना विचारणे : अध्यक्ष : उद्या संध्याकाळपर्यंत.” म्हणजे काम अध्यक्षांचे, ते फक्त विचारण्याचे.

मुदतीवरही बरीच ओढाताण झाली. ‘तातडीने’ आणि ‘लवकरात लवकर’ काढून टाकायला कुणाचा विरोध नव्हता. अडचण होती ‘पुढील सभेपर्यंत’ची. ऐकायला ती मुदत वाटते, पण सभा गणपूर्तीअभावी पुढे गेली की मुदतही तिच्यामागे जाते. जून-जुलैत पेरणीच्या गडबडीत सभा पुढे जातेच. लोक तोंडाने मुदत सांगतात ती सणावारी : आमुशाच्या आधी, पोळ्याला, बाजाराच्या दिवशी. तसे सांगू द्यावे. लिहिणाऱ्याने कॅलेंडर काढून वार आणि तारीख मोठ्याने म्हणावी आणि मग लिहावी. वार लिहिल्याने एक फायदा असा की गुरुवारी बँक चालू, बाजाराच्या दिवशी दुकानदार भेटणार नाही, असे लोकांना लगेच आठवते आणि तारीख तिथेच दुरुस्त होते.

तिसरा प्रसंग पाणीपट्टीचा. वर्षाला ६०० ची ९०० करावी असा विषय आला. चर्चा तापली, दोघांनी स्पष्ट नाही म्हटले, बाकीचे अर्धवट तयार. अध्यक्ष म्हणाले, “लिवा, चर्चा झाली.” जुन्या रीतीने ते वाक्य लिहून पान उलटले असते आणि पुढच्या वर्षी कुणी म्हटले असते की वाढ मंजूर झाली होती, कुणी म्हटले असते नव्हती. मी लिहिले : “निर्णय झाला नाही. वीजबिल व थकबाकीचा मागील वर्षाचा आकडा सभेपुढे नव्हता.” आणि खाली एक काम : तो आकडा काढणे, भाऊसाहेब, तारीख. निर्णय न होणे हीसुद्धा नोंद आहे, हे अध्यक्षांना आधी खटकले. आपली सभा निष्फळ गेली असे दिसते, असे ते म्हणाले. दिसू दे म्हटले. ‘सर्वानुमते’ हा शब्दही आता आपोआप येत नाही. दोघांचा विरोध असेल तर तसे लिहितो.

शेवटचा नियम सर्वांत साधा होता आणि त्यालाच सर्वांत जास्त कुरकुर झाली. सभा उठण्याआधी फक्त कामांच्या ओळी मोठ्याने वाचायच्या आणि ज्याचे नाव आले त्याने हात वर करायचा. पाच-सात मिनिटे लागतात. पहिल्या सभेत चहा आला आणि निम्मे लोक उठले, वाचन राहिले. दुसऱ्या सभेपासून चहा वाचनानंतर. ही युक्ती ताईंची.

काय झाले

पुढच्या सभेचा पहिला विषय पूर्वीसारखाच, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. पण आता त्याला शेपूट जोडले : मागच्या कामांच्या प्रत्येक ओळीपुढे ‘झाले’, ‘नाही’ किंवा नवी तारीख. नवी तारीख पडली तर जुनी खोडायची नाही. जुन्या पानावर हात न लावता या सभेच्या पानावर लिहायचे, कारण कायम झालेल्या इतिवृत्तात मागून बदल केला की पुढे कशावरच विश्वास राहत नाही. यामुळे झाले असे की एकच काम तिसऱ्यांदा नव्या तारखेने लिहायची वेळ आली की लिहिणाराही थबकतो आणि ज्याचे काम तोही खाली बघतो.

बहुतेक कामे वेळेत किंवा थोडी उशिरा झाली. जी अडली ती पैशावरून. मी सुरुवातीला फक्त नाव आणि तारीख या दोनच गोष्टींवर अडून बसलो होतो. ‘कशातून’ हे निर्णयात लिहिले तरी ते पैसे खात्यात आहेत का, हे सभेत कुणी विचारत नव्हते. गळतीच्या पाइपाचे काम नाव, वार, तारीख सगळे असूनही दोन महिने अडले, कारण खात्यात शिल्लकच नव्हती. आज मी निर्णय लिहिण्याआधी शिल्लक किती, एवढा एक आकडा भाऊसाहेबांना विचारला असता.

दुसरी चूक मला उशिरा दिसली. नावे वाटून जात नव्हती. पाने चाळली तर जवळजवळ निम्म्या ओळी वॉलमनच्या. तो सभेत हजर असतो, नाही म्हणत नाही, म्हणून सगळे त्याच्याकडेच. ‘हो म्हटले म्हणजे झाले’ हा नियम गरिबाला महाग पडतो. मग वाचनाच्या वेळी त्याच्या ओळी मोजून सांगायला लागलो आणि दरपत्रक, बँक, तालुक्याला जाणे ही कामे सदस्यांकडे सरकली. हे पहिल्याच सभेत करायला हवे होते.

आणखी एक. मी दोनच सभा बसणार होतो, पाच बसलो. रेघ मारायला आणि ‘कोण?’ असे विचारायला निवृत्त लिपिक लागत नाही, पण माझ्या असण्याने बाकीच्यांनी वही हातात घेतलीच नाही. सहाव्या सभेला मी मुद्दाम लातूरला गेलो. त्या दिवशीचे इतिवृत्त ताईंनी लिहिले. अक्षर मोठे, शुद्धलेखन कसेही, पण प्रत्येक ओळीत नाव आणि वार. एका ओळीपुढे नाव नव्हते, तिथे त्यांनी लिहिले होते : “कोणीच हो म्हटले नाही.” अशी ओळ तीस वर्षांत माझ्या हातून एकदाही उतरली नव्हती.

जूनमध्ये, मृगाच्या पहिल्या वादळात, रात्री पुन्हा एक फेज गेला. सकाळी वॉलमन विहिरीवर पोचला तर स्टार्टर पडलेला, मोटार गार. त्याने फेज येईपर्यंत थांबून बटण दाबले आणि दुपारी टाकी भरली. सभेत हा विषय आलाच नाही, त्यामुळे रजिस्टरात त्याची नोंद नाही. पाणीपट्टीच्या विषयापुढे मात्र अजून ‘निर्णय झाला नाही’ हीच ओळ आहे, आता तिसऱ्या पानावर.